अचानक सर्वाधिकारी

शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत मी हिशेब बघते. टॅली, जीएसटी आणि पगारपत्रक या तिघांशी माझं जमतं. क्लाउडशी माझा संबंध महिन्याचं बिल तपासण्यापुरता होता. आमची मेल, फाइली, ईआरपीचा बॅकअप असं सगळं मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडवर आहे, एवढं त्या बिलावरून कळायचं. मग कॉम्प्युटर बघणारा मुलगा पुण्याला चांगल्या नोकरीवर गेला. जाताना त्यानं माझ्या खात्याला एक अधिकार दिला आणि स्वतःचं खातं बंद करून टाकलं. शेठ म्हणाले, "बिल तुम्हीच बघता ना वहिनी, मग हेही बघा." त्या अधिकाराचं नाव Global Administrator. मराठीत काय म्हणावं ते सुचेना, म्हणून मी ‘सर्वाधिकारी’ असं करून टाकलं आणि घरी जाऊन तसं सांगितलंही. घरच्यांनी विचारलं, पगार वाढला का?

`entra.microsoft.com` हा एंट्राचा पत्ता उघडला की कंपनीच्या सगळ्या खात्यांचा कारभार दिसतो. कोणाला खातं द्यायचं, कोणाचा पासवर्ड बदलायचा, कोणाला कुठं जाऊ द्यायचं, हे सगळं तिथून ठरतं. सर्वाधिकाऱ्याला यातलं काहीही करता येतं, अगदी दुसऱ्या सर्वाधिकाऱ्याला काढूनसुद्धा टाकता येतं. ही माणसं पाचापेक्षा कमी असावीत, असा मायक्रोसॉफ्टचा सल्ला आहे. मी आमची यादी उघडली. तिथं एकच नाव होतं, माझं. मला वाटलं, सल्ला तंतोतंत पाळला गेलाय. नणंदेचा मुलगा क्लाउडचं काम करतो, त्याला मी ही बातमी फोनवर दिली. तो म्हणाला, "मामी, उद्या तुमचा फोन पडून फुटला, तर कंपनीत कोण शिरेल?" मी म्हटलं, कोणीच नाही. "मायक्रोसॉफ्टकडे अर्ज करून आपण आपणच आहोत हे सिद्ध करत बसावं लागेल. तोवर मेलचा पासवर्डही कोणाला बदलून देता येणार नाही." पाचाहून कमी म्हणजे एक नव्हे, हे तेव्हा समजलं.

त्यानं पहिला धडा दिला तो मल्टी-फॅक्टर ऑथेंटिकेशनचा, म्हणजे एमएफएचा. मी त्याचं भाषांतर ‘दोन पासवर्ड’ असं करून ठेवलं होतं. तसं ते नाही. ओळख पटवायच्या तीन जाती आहेत: माणसाला ठाऊक असलेली गोष्ट, त्याच्याजवळ असलेली वस्तू आणि त्याचं शरीर. पासवर्ड ठाऊक असतो, फोन जवळ असतो, बोटाचा ठसा शरीराचा असतो. दोन वेगळ्या जातींचे पुरावे दिले तरच ते एमएफए. पासवर्ड आणि ‘तुमच्या पहिल्या शाळेचं नाव काय’ या दोन्ही ठाऊक असलेल्याच गोष्टी आहेत. एकाच फसव्या फोनवर दोन्ही काढून घेता येतात. मी त्याला म्हटलं, पण बँक तर असे प्रश्न विचारते. तो म्हणाला, "विचारू दे. मोजायचा नाही."

आमच्याकडे फोनवर ऑथेंटिकेटर ॲप आहे. कॉम्प्युटरवर दोन आकडी संख्या येते, ती फोनवर टाकायची. हा खटाटोप कशासाठी, असं मला नेहमी वाटायचं, कारण पूर्वी नुसतं ‘मंजूर’ दाबलं की काम व्हायचं. त्या सोयीचा फायदा चोरांनी घेतला. पासवर्ड आधीच मिळालेला असला की ते पुन्हा पुन्हा लॉगिन करत राहायचे, फोन वाजत राहायचा आणि वैतागलेला माणूस कधीतरी ‘मंजूर’ दाबायचा. सप्टेंबर २०२२ मध्ये उबर कंपनीत असंच झालं. तिथल्या एका कंत्राटी माणसानं अखेर एक विनंती मंजूर केली आणि चोर आत शिरला. मे २०२३ पासून मायक्रोसॉफ्टनं ही संख्या टाकणं सगळ्यांना सक्तीचं केलं. लॉगिन जिथं चाललंय त्या पडद्यावरच ती संख्या दिसते, त्यामुळे आपण स्वतः लॉगिन करत नसू तर टाकायला संख्याच नसते. ज्या खटाटोपाला मी नावं ठेवत होते तोच कुलपाचा खरा भाग होता.

तरीही हे कुलूप उघडतं, ते कसं हेही भाच्यानं दाखवलं. समजा चोरानं हुबेहूब लॉगिनचं पान बनवून त्याची लिंक मला पाठवली. मी तिथं पासवर्ड टाकला. त्यानं तो त्याच क्षणी खऱ्या पानावर टाकला. खऱ्या पानानं संख्या दाखवली, ती त्यानं आपल्या खोट्या पानावर मला दाखवली. मी ती फोनवर टाकली. आता खऱ्या पानानं आत सोडलं ते चोराला. संख्या बरोबर, फोन माझा, बोट माझं आणि आत गेला तो. मी विचारलं, मग खोटं पान ओळखायचं कसं? वरचा पत्ता वाचायचा, असं उत्तर मला अपेक्षित होतं. तो म्हणाला, "तुम्ही ओळखायचंच नाही मामी. ते काम माणसाकडून काढून घ्यायचं." ते कसं, ते मला बऱ्याच पुढं कळलं.

दरम्यान मी माझ्या आवाक्यातलं काम हाती घेतलं, पासवर्डचं धोरण. माझ्या मनात कडक नियम तयार होता: दर ९० दिवसांनी सगळ्यांनी पासवर्ड बदलायचा. सेटिंग उघडलं तर ‘पासवर्ड कधीच कालबाह्य होऊ नयेत’ यावर आधीच खूण होती आणि शेजारी तशीच शिफारस लिहिलेली होती. मला वाटलं, आधीच्या मुलानं आळस केला. पण जगभर जिच्या सूचना मानतात त्या अमेरिकेच्या एनआयएसटी या संस्थेनंही २०१७ मध्ये मुदतीनं पासवर्ड बदलायला लावू नका, असं सांगितलेलं आहे. पासवर्ड फुटल्याचा पुरावा मिळाला तर मात्र लगेच बदलायचा. याच संस्थेच्या २००३ च्या कागदात मोठं अक्षर, आकडा, चिन्ह आणि नियमित बदल अशा जुन्या सल्ल्याचं मूळ आहे. तो लिहिणारे बिल बर यांनी २०१७ मध्ये आपल्याला त्यातल्या बऱ्याच गोष्टींचा पश्चात्ताप होतो, असं वर्तमानपत्राला सांगितलं. कारण साधं आहे. बदलायची सक्ती केली की माणूस शेवटचा आकडा एकानं वाढवतो. आमच्या स्टोअरमधल्या काकांना मी सहज विचारलं, तर ते म्हणाले, "मॅडम, माझा आत्ता सतरावर आलाय."

मुदत नाही, तर मग धोरण उरलं कशात? फालतू पासवर्ड मुळातच घेऊ न देण्यात. एंट्रामध्ये पासवर्ड किमान ८ अक्षरांचा लागतो. शिवाय मायक्रोसॉफ्टची स्वतःची एक निषिद्ध यादी आहे, ती ते कोणाला दाखवत नाहीत. तिच्या जोडीला आपल्याला आपल्या शब्दांची यादी देता येते, जास्तीत जास्त १००० आणि प्रत्येक शब्द किमान ४ अक्षरांचा. आमच्या बिझनेस प्रीमियम योजनेत ही सोय आहे. मी मोठ्या उत्साहानं kolhapur, rankala, jyotiba, कंपनीचं नाव आणि आमच्या कास्टिंगची नावं घातली. आता कोणालाही कोल्हापूर वापरता येणार नाही, अशी माझी समजूत होती. मग गुणांचा हिशेब वाचला. हिशेब म्हटल्यावर मला जरा हुरूप आला.

तो हिशेब असा. पासवर्ड आधी साधा केला जातो: मोठी अक्षरं छोटी होतात, शून्याचं o होतं, @ चं a होतं, $ चं s होतं. मग निषिद्ध शब्द सापडला, तर त्या अख्ख्या शब्दाला १ गुण. उरलेल्या प्रत्येक अक्षराला १ गुण. एकूण किमान ५ गुण हवेत. आमच्याकडे लोक ठेवतील अशी तीन उदाहरणं मी कागदावर सोडवली.

```
K0lh@pur123        kolhapur + 1 + 2 + 3             = 4   नामंजूर
K0lh@purR@nk@la12  kolhapur + rankala + 1 + 2       = 4   नामंजूर
K0lh@pur2024       kolhapur + 2 + 0 + 2 + 4         = 5   मंजूर
```

दुसरा पासवर्ड १७ अक्षरांचा असून पडतो. तिसरा १२ अक्षरांचा, कुठल्याही चोराच्या पहिल्या प्रयत्नात असेल असा, आणि त्याचे शेवटचे आकडे मायक्रोसॉफ्टच्या यादीत अडकले नाहीत तर तो पास. म्हणजे ही चाळणी दगड अडवते, खडे नाही. ५ गुण म्हणजे चांगला पासवर्ड नव्हे, ती फक्त पास होण्याची रेषा आहे. मी काढलेल्या कडक परिपत्रकात एकच ओळ शिल्लक राहिली: लांब ठेवा, आणि दुसरीकडे कुठंही वापरलेला नको.

परिपत्रक निघाल्यावर माझी दुसरी भीती होती की लोक विसरतील, चुकीचा टाकत राहतील आणि खाती कुलूपबंद होतील. १० चुकीच्या प्रयत्नांनंतर खातं एक मिनिट बंद होतं आणि पुढं चुकत राहिलं तर तो वेळ वाढत जातो, हा ठरलेला नियम आहे. पण आमच्या काकांनी सकाळभर चुकीचा पासवर्ड टाकला आणि कुलूप काही लागलं नाही. मला वाटलं यंत्रणाच बंद पडलीय. ती चालूच होती. मागचे तीन चुकीचे पासवर्ड ती लक्षात ठेवते आणि त्यातलाच पुन्हा आला तर नवा प्रयत्न मोजत नाही. चोर वेगवेगळे पासवर्ड टाकून बघतो, विसरलेला माणूस एकच पुन्हा पुन्हा टाकतो. काका सकाळभर सतराच टाकत होते.

एवढं झाल्यावर मी कंडिशनल ॲक्सेस या पानावर गेले. त्याला मी ‘अटीवर प्रवेश’ म्हणते. इथं नियम लिहायचे असतात: अमुक लोक, अमुक ठिकाणी जात असतील, तर अमुक अट. मी पहिला नियम लिहिला: सगळे लोक, सगळी ॲप, एमएफए सक्तीचा. ‘सगळे लोक’ निवडल्याबरोबर पडद्यावर सूचना आली, `Don't lock yourself out!` म्हणजे स्वतःला बाहेर कोंडून घेऊ नका. त्याखाली दोन पर्याय: या नियमातून मला वगळा, किंवा परिणाम मलाही होईल हे समजून पुढं जा. माझ्याकडे एमएफए होता, तेव्हा मी निर्धास्त होते. भाचा म्हणाला, "आज आहे. उद्या कोणी याच पानावर ‘फक्त ऑफिसच्या इंटरनेटवरून’ असा नियम लिहिला आणि परवा तुमची इंटरनेट कंपनी बदलली तर? नियम बरोबर, पासवर्ड बरोबर, फोन बरोबर, आणि नियम सुधारायला आत जायचं तर तोच नियम आडवा." म्हणून नियम आधी ‘फक्त नोंद’ या अवस्थेत चालवतात. त्यात कोणालाही अडवलं जात नाही, पण कोण अडवलं गेलं असतं ते लॉगमध्ये उमटतं. आमच्या लॉगमध्ये पहिल्या दिवशी उमटलेलं नाव शेठचं होतं. त्यांनी एमएफएची नोंदणी कधी केलेलीच नव्हती.

तेव्हा त्यानं ब्रेक-ग्लास खात्यांचा विषय काढला. आग लागली की काच फोडून बटण दाबायचं, तशी ही खाती. मी ‘काचफोड खातं’ म्हणू लागले, ते ऑफिसात रूढही झालं. मायक्रोसॉफ्टचा सल्ला किमान दोन खात्यांचा आहे. ती कुठल्याही माणसाची नसतात, रोजच्या कामाला वापरायची नसतात आणि त्यांना सर्वाधिकाऱ्याचा कायमचा अधिकार असतो. खातं उघडताना मी पत्त्याच्या शेवटी आमच्या कंपनीचं डोमेन निवडलं, कारण ते रुबाबदार दिसतं. तिथंही भाच्याला टोकावं लागलं. शेवटी `.onmicrosoft.com` असलेला मूळ पत्ता घ्यायचा. आपल्या डोमेनचं लॉगिन उद्या दुसऱ्या एखाद्या सर्व्हरशी जोडलं आणि तो सर्व्हर बंद पडला, तर त्या डोमेनची सगळी खाती एकदम बाहेर राहतात. मूळ पत्ता कशालाच जोडलेला नसतो. तत्त्व मला इथं पहिल्यांदा नीट कळलं: रोजची वाट ज्या गोष्टीवर अवलंबून आहे, त्यातल्या एकाही गोष्टीवर संकटकाळची वाट अवलंबून असता कामा नये.

फोनही त्यात आला. काचफोड खात्याचा एमएफए माझ्या फोनवर ठेवला, तर फोन फुटल्यावर दोन्ही वाटा एकदम बंद. मग मी सोपा उपाय काढला: या खात्यांना एमएफएच नको, फक्त ४० अक्षरांचा पासवर्ड. तो मी कागदावर सुंदर अक्षरात उतरवला. भाच्यानं फोटो बघून विचारलं, यातला l कुठला, 1 कुठला आणि मोठा I कुठला? मला सांगता येईना. आणि तसाही तो कागद पुरला नसता. ऑक्टोबर २०२४ पासून मायक्रोसॉफ्टनं ॲझ्युर आणि एंट्राच्या कारभाराच्या पानांवर एमएफए सक्तीचा करायला सुरुवात केली आणि काचफोड खात्यांनाही सवलत नाही. कंडिशनल ॲक्सेसच्या नियमांतून या खात्यांना वगळायचंच असतं, म्हणजे आपल्या नियमाची चूक त्यांना बाधत नाही. पण ती सूट आपल्या नियमांपुरती असते, मायक्रोसॉफ्टच्या नियमाला ती लागू नाही. या खात्यांचा पासवर्ड लांब आणि अंदाज न येणारा ठेवायचा, तोही याच कारणानं. आपल्या नियमांतून वगळलेलं खातं कारभाराच्या पानांखेरीज इतर वाटांवर उघडं पडतं.

उत्तर होतं सिक्युरिटी की, पेन ड्राइव्हएवढी एक वस्तू. खोटं पान ओळखायचं काम माणसाकडून काढून घ्यायचं, ते भाच्याचं बोलणं इथं जागेवर आलं. नोंदणी करताना ती किल्ली त्या संकेतस्थळाच्या पत्त्यासाठी गुप्त चावी बनवते. लॉगिनच्या वेळी ब्राउझर तिला सांगतो की आपण कुठल्या पत्त्यावर आहोत. पत्त्यातलं एक अक्षर जरी वेगळं असलं, तरी त्या पत्त्याची चावी तिच्याकडे नसते आणि ती सही करत नाही. मी फसले तरी ती फसत नाही. आत्मविश्वासानं मी विचारलं, तिचा पिन मायक्रोसॉफ्टकडे जातो ना? जात नाही. पिन फक्त किल्ली उघडतो, त्या किल्लीच्या बाहेर पडत नाही. वस्तू जवळ आणि पिन ठाऊक, असे दोन जातींचे पुरावे एकाच ठिकाणी होतात. पासवर्ड विचारलाही जात नाही. माझं सुंदर अक्षर वाया गेलं.

किल्ली नोंदवायला गेले तर पान म्हणालं, आधी एमएफए करा. नव्या खात्याला एमएफए नाही, म्हणून तर किल्ली नोंदवायची होती. या पेचातून सुटायला टेम्पररी ॲक्सेस पास असतो, म्हणजे तात्पुरता परवाना. ऑथेंटिकेशन मेथड्स या पानावर तो आधी चालू करायचा, मग सर्वाधिकारी त्या खात्यासाठी एक परवाना काढतो. तो साधारण तासभर चालतो, एमएफए म्हणून धरला जातो आणि त्यानं आत गेलं की किल्ली जोडता येते. मी परवाना काढला, चहा घेतला, स्टोअरला दोन चलनं करून दिली आणि परत आले तर तास उलटून गेला होता.

पिनच्या बाबतीत किल्लीचा स्वभाव कडक आहे. लागोपाठ तीनदा पिन चुकला की ती काढून पुन्हा लावावी लागते. मध्ये एकदाही बरोबर न लागता एकूण आठ चुका झाल्या की ती कायमची अडकते, मग ती पुसून नव्यानं नोंदवण्यावाचून मार्ग नसतो. म्हणून संकटाच्या वेळी आठवून बघू, असं म्हणून चालत नाही. पिन लिहूनच ठेवायचा, पण किल्लीपासून वेगळा. मी दोन्ही किल्ल्या आणि दोन्ही पिन वेगवेगळ्या पाकिटांत घालून लाखेनं बंद केले आणि चारही पाकिटं शेठच्या तिजोरीत नेऊन ठेवली. भाच्याला सांगितलं तर त्यानं फक्त विचारलं, "तिजोरीची चावी कोणाकडे?"

तिजोरी फॅक्टरीत आहे आणि चावी शेठकडे. शेठ राहतात कोल्हापुरात, पंचगंगेच्या पलीकडे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा २०२१ च्या जुलैमध्ये पुराचं पाणी शिरोलीजवळ महामार्गावर आलं होतं आणि वाहतूक बंद होती, हे आम्ही सगळ्यांनी पाहिलेलं आहे. तशा दिवसात काचफोड खातं लागलं असतं, तर किल्ली एका काठावर आणि तिजोरीची चावी दुसऱ्या. मग वाटप केलं. पहिल्या खात्याची किल्ली फॅक्टरीतच, पण शेठच्या तिजोरीबाहेर, आणि तिचा पिन शिरोलीतच राहणाऱ्या वर्क्स मॅनेजरांकडे. दुसऱ्या खात्याची किल्ली शहरात शेठच्या घरी आणि तिचा पिन शेठच्या भावाकडे. कुठल्याही एका माणसाकडे पूर्ण खातं नाही आणि नदीच्या प्रत्येक काठावर एक पूर्ण खातं आहे. आधी मी बँकेचं लॉकर सुचवलं होतं. रविवारी रात्री बँक उघडत नाही, हे हिशेब बघणाऱ्या बाईला दुसऱ्यांनी सांगावं लागलं.

राहिली पहाऱ्याची गोष्ट. हे खातं वापरलं जाणं हीच बातमी आहे, तेव्हा ते वापरलं की कोणालातरी कळायला हवं. एंट्राच्या लॉगिनच्या नोंदी ॲझ्युरमधल्या लॉग ॲनालिटिक्सकडे पाठवायच्या आणि तिथं दर पाच मिनिटांनी हा प्रश्न विचारायचा. उत्तरात एक जरी ओळ आली, तरी मेल जाते.

```
SigninLogs
| where UserId in ("object-id-1", "object-id-2")
```

मी आधी तिथं खात्याचं नाव घातलं होतं, वाचायला सोपं म्हणून. नाव आत शिरलेल्याला बदलता येतं, मग प्रश्न जुन्याच नावाची वाट बघत बसतो. ऑब्जेक्ट आयडी बदलत नाही. सूचनेची मेलही कंपनीच्या पत्त्यावर नको, कारण कंपनीची मेल ज्याच्या ताब्यात गेली तो ती पुसून टाकेल. ती शेठच्या खासगी पत्त्यावर जाते. नोंदी यायला काही मिनिटं लागतात, त्यामुळे ही मेल चोराला अडवत नाही. तो येऊन गेला किंवा आत आहे, एवढं सांगते.

शेवटी रंगीत तालीम केली. मी बाजूला बसायचं, बोलायचं नाही. वर्क्स मॅनेजर आणि शेठनी किल्ली काढून आत जायचं. पाकीट फुटलं, किल्ली निघाली, ती यूएसबी-सीची. तिथला कॉम्प्युटर जुना, त्याला तसलं भोकच नाही. अडॅप्टर कोणाच्यातरी बॅगेत सापडला. मग शेठनी विचारलं, कुठल्या पत्त्यावर जायचं? पाकिटात पिन होता, पत्ता नव्हता. खात्याचं पूर्ण नावही नव्हतं. मी तोंड उघडलं आणि तालीम फसली. आता प्रत्येक पाकिटात एक छापील कागद आहे: पत्ता, खात्याचं पूर्ण नाव, आत गेल्यावर कुठला नियम कसा बंद करायचा आणि काम झाल्यावर कोणाला कळवायचं. सोबत अडॅप्टरही. दुसऱ्या तालमीत दोघं माझ्याशिवाय आत गेले आणि काही मिनिटांनी शेठच्या फोनवर मेल आली. त्यांनी ती घाबरून मलाच दाखवली.

मायक्रोसॉफ्ट ही तालीम दर ९० दिवसांनी करायला सांगतं. शिवाय ही व्यवस्था ठाऊक असलेला माणूस नोकरी सोडून गेला की लगेच करायची. पासवर्डला मी जी ९० दिवसांची मुदत लावणार होते, ती इथं कामाला आली.

तुमच्या कंपनीत, संस्थेत, पतसंस्थेत असा एखादा क्लाउडचा कारभार असेल, तर या आठवड्यात तीन गोष्टी बघून घ्या. सर्वाधिकारी किती आहेत आणि ते कोण आहेत. ते सगळे एकाच फोनवर, एकाच डोमेनवर किंवा एकाच तिजोरीवर अवलंबून आहेत का. आणि संकटकाळचं खातं असेल, तर ज्यानं ते बनवलं नाही अशा माणसाला ते उघडायला सांगा. त्याला उघडता आलं नाही, तर ते खातं नाही असंच समजा.